ln 2 चार दशांश स्थळांपर्यंत: तीन घातश्रेणींपैकी कोणती घ्यावी?

ln 2 ची किंमत काढताना चूक 0.0001 पेक्षा कमी राहील याची खात्री हवी असेल, तर पुढील तीन श्रेणींपैकी एक निवडावी लागते. तिन्हींची अभिसरण त्रिज्या 1 च आहे. त्यामुळे केवळ त्रिज्या पाहून निवड होत नाही, आपला बिंदू केंद्रापासून किती दूर आहे हे पाहावे लागते.

पहिली श्रेणी सर्वांना पाठ असते:

ln(1+x) = x − x²/2 + x³/3 − …

येथे x = 1 घ्यावे लागते, म्हणजे आपण अभिसरणाच्या अगदी सीमेवर उभे असतो. चिन्हे आलटून पालटून येत असल्यामुळे n पदांनंतरची चूक पुढच्या पदापेक्षा, म्हणजे 1/(n+1) पेक्षा कमी असते. हा अंदाज सोपा असला तरी त्यानुसार 9999 पदे लागतात. प्रत्यक्ष चूक साधारण 1/(2n) असते; तरीही सुमारे पाच हजार पदांची बेरीज टळत नाही.

दुसरी श्रेणी −ln(1−x) = x + x²/2 + x³/3 + … ही असून तिच्यात x = 1/2 ठेवले की ln 2 मिळतो. मात्र येथे लाग्रांजचे अवशेषपद फसवते. त्यातील अज्ञात बिंदू 0 आणि 1/2 यांच्यामध्ये कोठेही असू शकतो, म्हणून सर्वांत वाईट शक्यता धरली की वरची मर्यादा पुन्हा 1/(n+1) च येते आणि ही श्रेणीही पहिलीइतकीच संथ असल्याचा भास होतो. दोष श्रेणीचा नसून अंदाजाच्या पद्धतीचा आहे. उरलेल्या पदांची तुलना 1/2 गुणोत्तराच्या भूमितीय श्रेणीशी केली, तर चूक 1/((n+1)·2ⁿ) पेक्षा कमी ठरते आणि दहा पदे पुरतात.

तिसरी श्रेणी अशी आहे:

ln((1+x)/(1−x)) = 2(x + x³/3 + x⁵/5 + …)

हिच्यात x = 1/3 ठेवल्यास कंसातील अपूर्णांक 2 होतो. केवळ विषम घात उरल्यामुळे प्रत्येक पद मागच्या पदाच्या एक नवमांशाहूनही लहान असते. चार पदांची बेरीज:

2(1/3 + 1/81 + 1/1215 + 1/15309) ≈ 0.6931348

खरी किंमत 0.6931472 आहे, म्हणजे चूक सुमारे 0.0000124. सवयीने पहिले वगळलेले पद हीच चुकीची मर्यादा मानणाऱ्याने येथे थांबून पाहावे. ते पद 2/177147, म्हणजे सुमारे 0.0000113 आहे आणि खरी चूक त्याहून जास्त आहे. सर्व पदे धन असल्यामुळे वगळलेली पदे एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची भर पडत जाते. म्हणून त्या पदाला 1/(1 − 1/9), म्हणजे 9/8 ने गुणावे, मर्यादा 0.0000127 येते आणि खरी चूक तिच्या आत बसते.

हाताने गणित करायचे असेल, तर मी तिसरी श्रेणीच घेईन. दुसरी श्रेणी 1/2 चे घात लिहायला सोपे असल्यामुळे चालण्यासारखी आहे. पहिली मात्र x = 1 वर किंमत काढण्यासाठी घेऊ नये; x = 0.1 सारख्या केंद्राजवळच्या बिंदूवर तीच श्रेणी चार पदांत 0.000002 पेक्षा कमी चूक देते.