सहारनपूरहून मागवलेलं मखर: सहा महिन्यांनंतर

माझी सगळी तक्रार एकाच मापाबद्दल आहे, आणि ते माप कुणी लिहीतच नाही. मूर्ती जिथे बसते त्या मोकळ्या जागेचं, म्हणजे कमानीच्या आतलं माप.

आम्ही कुडाळचे. आमच्याकडे गणपतीवर माटवी असते, म्हणजे वर टांगलेली, नारळ-फळं बांधलेली लाकडी चौकट, त्यामुळे मखराला वरूनही मर्यादा येते. टेबलापासून माटवीला बांधलेल्या नारळांपर्यंत आमच्याकडे ३८ इंच मिळतात. मूर्ती १६ इंचांची, खाली ३ इंचांचा पाट, आणि हार घालायला वर ३ इंच मोकळे हवेत. म्हणजे आतून २२ इंच लागणार. सहारनपूरच्या एका विक्रेत्याचं एमडीएफचं सुट्या भागांचं मखर २,८५० रुपयांना होतं. इथे बाजारात तशाच मखराला ४,५०० सांगत होते. माप दिलं होतं उंची ३६, रुंदी ३० इंच. आतलं माप नव्हतंच, म्हणून मी स्क्रीनवर पट्टी ठेवून काढलं. फोटोत पूर्ण मखर ९ सेंटिमीटर, कमानीखालची जागा ५.६. त्या हिशेबाने २२.४ इंच आले. निश्चिंत होऊन ऑर्डर दिली.

आलेलं मखर आतून भरलं १९ इंच.

कारण नंतर कळलं. एकाच पानावर तीन आकार होते आणि तिन्हींना फोटो एकच, तोही ४८ इंचांच्या मखराचा. लहान आकारात खांब आखूड करतात, पण कमानीवरची नक्षी आणि कळस जवळजवळ तेवढेच ठेवतात. त्यामुळे सगळी काटछाट आतल्या जागेतून होते आणि फोटोवरून काढलेलं प्रमाण चुकतं. फोटोतली मूर्तीही नंतर चिकटवलेली होती. नीट पाहिलं असतं तर तिची सावली मागच्या फळीवर पडलेली नाही हे दिसलं असतं.

वेळेचंही सांगते. २ ऑगस्टला ऑर्डर दिली, ‘७ ते १० दिवस’ असं लिहिलं होतं. ते दिवस माल निघाल्यापासूनचे निघाले. ९ तारखेपर्यंत नुसतं लेबल तयार झाल्याचं दिसत होतं, म्हणजे खोकं अजून विक्रेत्याकडेच होतं. हातात मिळालं २१ तारखेला, आणि चतुर्थी २७ ला.

खोक्याचा एक कोपरा चेपलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, “आधी व्हिडिओ काढ, मग कात्री लाव.” त्यांचं ऐकलं ते फार बरं झालं. बंद खोकं सगळ्या बाजूंनी, लेबल वाचता येईल असं, आणि तिथून सलग उघडेपर्यंत चित्रण केलं. डावा खांब खाचेपाशी मोडला होता. पानावर ‘पैसे परत नाहीत, फक्त बदलून मिळेल’ असं होतं, मुदत सात दिवसांची. पण बदली मखर यायला पुन्हा बारा दिवस लागले असते, तर त्याचा उपयोग काय? शिवाय एवढं खोकं परत पाठवण्याचा खर्चही मोठा. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि ते वजन धरतात. आमचं ९५ × ६० × १५ चं खोकं त्या हिशेबाने १७ किलोचं झालं, हाताला जेमतेम आठ असताना.

म्हणून मी विक्रेत्याला व्हिडिओ पाठवून फक्त डावा खांब मागितला. मला वाटलं होतं वाद घालेल. त्याने तासाभरात होकार दिला, खांब दाखवताना शेजारी टेप धरून फोटो पाठवला. त्या फोटोने माझा राग निम्मा उतरला आणि पश्चात्तापही झाला, कारण आतल्या जागेत टेप धरलेला असाच फोटो ऑर्डरच्या आधी मागितला असता तर त्याने तोही दिला असता.

सणापुरता मोडका खांब फेव्हिकॉल लावून, रात्रभर शिकंजात आवळून उभा केला. जागेसाठी मखराच्या दोन्ही पायांखाली ३ इंचांच्या फळ्या घातल्या, म्हणजे पाटाची उंची फिटली आणि आत २२ इंच मिळाले. एकूण उंची ३९ झाली, नारळांना लागणार, म्हणून ४ इंचांचा कळस काढून ठेवला. नवा खांब विसर्जनानंतर आला, नवरात्रात घटाला तोच लावला.

दिवाळीनंतर विक्रेत्याबद्दलचं मत चांगलं झालं होतं, पण वस्तूबद्दलचं उतरलं. पायांच्या खालच्या इंचभर कडा फुगल्या आहेत. वरून रंग होता, तळाची कापलेली कड कोरीच होती. अभिषेकाचं पाणी ओघळून तिथेच मुरलं. फुगलेलं एमडीएफ वाळलं तरी पूर्ववत होत नाही. माघी गणपतीला पाय अर्धा इंच घासून घेतले आणि कडांना वार्निशचे दोन हात दिले. आता मखर ३५.५ इंचांचं आहे आणि आत साडेअठरा. फळ्या साडेतीन इंचांच्या करून घ्यायच्या आहेत.