आधी सीएसएफ की आधी ब्लड-ब्रेन बॅरिअर? शिकवायला घेणाऱ्यांसाठी

मेंदूच्या संरक्षणावर दोन-तीन तासिका घ्यायच्या असतील तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाला पडतो. मी पहिली काही वर्षं सीएसएफपासून सुरुवात केली, मग क्रम उलटा केला. तुम्हालाही हे ठरवायचं असेल तर माझा अनुभव मांडतो. दोन्हींची मूलभूत माहिती तुम्हाला आहे असं धरून चालतो.

सीएसएफची मोठी जमेची बाजू म्हणजे ते पटकन डोळ्यांसमोर येतं. मेंदूचं वजन साधारण 1400 ग्रॅम, पण या द्रवात तरंगताना ते जेमतेम 50 ग्रॅमइतकं भासतं, हे सांगितलं की वर्ग लगेच सावरून बसतो. मला तर हे पुस्तकाआधी शरीरानेच शिकवलं. एका शस्त्रक्रियेसाठी पाठीत भूल दिली होती. दुसऱ्या दिवशी उठून बसलो की दोन मिनिटांत डोकं असह्य ठणकायचं, आडवा झालो की थांबायचं. सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत होता, तरंगण्याचा आधार कमी झाला होता, आणि उभं राहिल्यावर मेंदू खाली ओढला जाऊन त्याची आवरणं ताणली जात होती. ते दुखणं अनुभवल्यावर सीएसएफ मेंदूला कशापासून वाचवतं हे वेगळं मोजून दाखवायची मला गरज वाटली नाही. मेंदूच्या स्वतःच्या वजनापासून, आणि डोकं हललं की बसणाऱ्या हिसक्यांपासून.

त्याच्या निर्मितीची गोष्टही शिकवायला सुंदर आहे. कोरॉइड प्लेक्ससच्या पेशींचा सोडियम पंप पोकळीकडच्या बाजूला असतो. तो सोडियम पोकळीत ढकलतो आणि पाणी त्याच्यामागून जातं. तासाला सुमारे 20 मिलिलिटर, दिवसाला 500 च्या आसपास. एका वेळी आत असतं ते मात्र 150 मिलिलिटरच, म्हणजे सगळा द्रव दिवसातून तीन-चार वेळा बदलतो. महत्त्वाचं म्हणजे आतला दाब वाढला म्हणून ही निर्मिती फारशी कमी होत नाही. दाबानुसार बदलतं ते शोषण. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली अरुंद नळी बंद झाली तर वरचा नळ चालूच राहतो आणि पोकळ्या फुगत जातात. कवटीचे सांधे जुळायचे असलेल्या बाळात हे डोक्याच्या घेरात दिसतं. मोठ्यांत घेर वाढू शकत नाही, दाब वाढतो. ॲसिटाझोलामाइडने निर्मिती घटते, थांबत नाही, म्हणून बहुतेक वेळा शंट किंवा द्रवाला दुसरी वाट करून द्यावी लागते.

एवढं सगळं असूनही मी क्रम बदलला, तो एका त्रासामुळे. सीएसएफपासून सुरुवात केलेल्या प्रत्येक वर्षी उत्तरपत्रिकांत तीच आकृती यायची: रक्त, मग बॅरिअर, मग सीएसएफ, आणि मग मेंदू. जणू रक्त गाळून सीएसएफ बनतं आणि ग्लुकोज, ऑक्सिजन, औषधं त्याच्यातून मेंदूला पोहोचतात. मी पुन्हा समजावायचो, पुढच्या परीक्षेत आकृती तीच. दोष मुलांचा नव्हता. आधी द्रव शिकवला की तो मधला टप्पा वाटणारच.

हीच गफलत या शास्त्राच्या सुरुवातीलाही झाली होती, आणि मी आता तिथूनच वर्ग सुरू करतो. 1885 मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले, तेव्हा बहुतेक अवयव रंगले, मेंदू रंगला नाही. मेंदूला हा रंग चिकटतच नसेल, असं त्यांना वाटलं. 1913 मध्ये एडविन गोल्डमन यांनी ट्रायपॅन ब्लू थेट सीएसएफमध्ये सोडला आणि मेंदू निळा झाला. म्हणजे रंग चिकटत होता; रक्तातून येण्याची वाटच बंद होती. रंग रक्तात सोडला की कोरॉइड प्लेक्सस मात्र निळा होत होता. यावरून काहींनी अर्थ काढला की मेंदूचं दार कोरॉइड प्लेक्ससमध्ये आहे आणि पोषण सीएसएफमधून जातं. नेमकी माझ्या विद्यार्थ्यांचीच आकृती.

उलगडा 1967 मध्ये झाला. रीझ आणि कार्नोव्स्की यांनी उंदरांच्या रक्तात एक विकर सोडलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिलं. ते मेंदूच्या केशवाहिन्यांच्या आतच, दोन पेशींमधल्या घट्ट सांध्यापाशी अडलं होतं. अडसर केशवाहिनीच्या भिंतीत, मेंदूभर पसरलेला होता. कोरॉइड प्लेक्ससमध्ये केशवाहिन्या सच्छिद्र असतात, म्हणून तो निळा होतो. तिथला घट्ट सांधा वाहिनीत नसून द्रव बनवणाऱ्या पेशींमध्ये आहे. म्हणजे दोन वेगळे अडसर, दोन वेगळ्या जागी. या क्रमाने शिकवल्यापासून ती चुकीची आकृती मला क्वचितच दिसते. मोजदाद ठेवलेली नाही, पण वह्या तपासताना फरक जाणवतो.

बॅरिअर कशापासून वाचवतो, हे सांगायला मी उंदरांचंच एक उदाहरण घेतो. ॲम्स्टरडॅममध्ये आल्फ्रेड शिंकेल यांच्या गटाने पी-ग्लायकोप्रोटीन बनवणारं एक जनुक नसलेले उंदीर तयार केले. दिसायला ते अगदी निरोगी होते. मग गोचिडीसारख्या बारीक किड्यांसाठी उंदरांना नेहमीचं आयव्हरमेक्टिन दिलं गेलं आणि हे उंदीर मेले. 1994 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की हे उंदीर त्या औषधाला जवळजवळ शंभरपट संवेदनशील होते. घट्ट सांधे शाबूत होते. गेला होता तो केशवाहिनीच्या पेशीतला पंप, जो आत शिरलेला रेणू उचलून परत रक्तात टाकतो. आयव्हरमेक्टिन मेदात विरघळतं, पेशीच्या पडद्यातून सहज घुसतं. भिंत त्याला अडवू शकत नाही, पंपच अडवतो. काही कॉली कुत्र्यांमध्येही याच जनुकात दोष असतो आणि त्यांना हे औषध जड डोसमध्ये घातक ठरतं. ‘बॅरिअर म्हणजे भिंत’ ही समजूत या एका उदाहरणाने सुटते.

आणि यातूनच सीएसएफच्या तपासणीबद्दलही सावध करता येतं. पाठीतलं पाणी काढून त्यात औषध किती आहे हे मोजता येतं, पण ते मेंदूच्या ऊतीतलं प्रमाण असेलच असं नाही, कारण द्रवात औषध कोरॉइड प्लेक्ससच्या वाटेनेही आलेलं असू शकतं. पंपाने बाहेर टाकल्या जाणाऱ्या औषधांबाबत हा फरक जास्त महत्त्वाचा. सीएसएफ आधी शिकलेल्याला हे पटवणं मला फार जड गेलं.

तुमच्यासमोर शंट बसवलेल्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या परिचारिका असतील, तर मी म्हटलेलं बाजूला ठेवा आणि सीएसएफपासूनच सुरुवात करा. त्यांना रोज दाबाशीच झुंजायचं असतं. बाकी वर्गांत मी फळ्यावर आधी गोल्डमनचे दोन मेंदू काढतो, एक पांढरा, एक निळा, आणि विचारतो की रंग कुठे सोडला होता. द्रव कसा बनतो हे तिसऱ्या तासाला येतं, तोवर वाटा कुठे आहेत हे त्यांनी स्वतः काढलेलं असतं.