प्रमाणपत्राचं अरबी भाषांतर : शब्दाला शब्द की तिथलं पदनाम?

मागच्या पावसाळ्यात डिचोलीच्या एका जोडप्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर काही फोटो पाठवले. नवरा आयटीआयचा फिटर, बायको अर्थशास्त्रात बी.ए. दोघांनाही मस्कतला जायचं होतं. फोटोंसोबत एक अरबी मजकूरही होता. कोणीतरी मोबाइलचा कॅमेरा प्रमाणपत्रांवर धरून तो काढून दिला होता. त्यांचा प्रश्न साधा होता : हेच टाइप करून पुढे द्यायचं, की पैसे खर्चून दुसरं करून घ्यायचं?

मी मस्कतमध्ये बरीच वर्षं अरबी कागद टाइप करण्याचं काम केलं. त्यामुळे दोन्ही तऱ्हेची भाषांतरं हाताखालून गेली आहेत. एक तऱ्हा शब्दाला शब्द ठेवण्याची. दुसरी, त्या पदवीला किंवा विषयाला अरब विद्यापीठात जे नाव आहे तेच लिहिण्याची. या जोडप्याच्या कागदांवर दोघींतला फरक जितका स्वच्छ दिसला तितका क्वचितच दिसतो, म्हणून तेच समोर ठेवतो.

एकच शब्द, दोन घरं

नवऱ्याच्या कागदावर होतं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, आणि खाली विषय : ट्रेड थिअरी, ट्रेड प्रॅक्टिकल, वर्कशॉप कॅल्क्युलेशन, इंजिनिअरिंग ड्रॉइंग. बायकोच्या गुणपत्रिकेत एक विषय होता इंटरनॅशनल ट्रेड. कॅमेऱ्याने सगळ्या ठिकाणी 'ट्रेड'ला 'तिजारा' लिहिलं होतं. तिजारा म्हणजे व्यापार. बायकोच्या कागदावर ते अगदी बरोबर, आंतरराष्ट्रीय व्यापाराला अरबीत 'तिजारा दुवलिया'च म्हणतात. नवऱ्याच्या कागदाचा मात्र त्याने पार घात केला. 'राष्ट्रीय व्यापार प्रमाणपत्र' आणि खाली 'व्यापाराचा सिद्धांत' असं वाचल्यावर समोरचा अधिकारी हा माणूस वाणिज्य शिकलेला समजणार. नोकरीच्या कागदावर हुद्दा फिटरचा, शिक्षण वाणिज्याचं. मग कागद परत येतो आणि का परत आला हे कोणी नीट सांगत नाही.

आयटीआयमधल्या 'ट्रेड'चा अर्थ हातातला धंदा, कारागिरी. त्याला अरबी शब्द 'मिहना'. म्हणून ट्रेड थिअरी म्हणजे त्या मिहनाचा सैद्धांतिक भाग. फिटरला 'बर्राद' म्हणतात, पण तो शब्द एकटा सोडू नये, कारण सीरिया-लेबनॉनकडे बर्राद म्हणजे फ्रिज. 'बर्राद मीकानीकी' लिहिलं की शंका उरत नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला 'रस्म हंदसी', हे दोन्ही तऱ्हांत सारखंच येतं.

बी.ए.ची गोष्ट

बायकोच्या पदवीत दोन खड्डे होते. पहिला सगळ्यांना माहीत असतो. प्रमाणपत्राच्या सजावटीत 'बॅचलर' एका ओळीत आणि पुढचं दुसऱ्या ओळीत पडलं की यंत्र त्या एकट्या शब्दाचा अर्थ 'आझब' म्हणजे अविवाहित असा लावतं. हे इतकं उघड चुकीचं असतं की कोणीही पकडतं. पदवीला शब्द आहे 'बकालोरियूस', आणि तो लिहिताना शेवट सांभाळावा लागतो. 'बकालोरिया' लिहिलंत तर सीरियात किंवा अल्जीरियात ती शाळा संपतानाची परीक्षा होते.

दुसरा खड्डा आपल्या मराठी माणसाला दिसतच नाही, म्हणून तो जास्त वाईट. आर्ट्सला कॅमेऱ्याने 'फुनून' लिहिलं होतं. फनकार मधला फन, त्याचं अनेकवचन. आपणही आर्ट्सला कला शाखा म्हणतो आणि चित्रकलेलाही कलाच म्हणतो, त्यामुळे आपल्याला फुनून पटतं. अरबीत ही दोन घरं वेगळी आहेत. भाषा, इतिहास, समाजशास्त्र शिकवणारी शाखा म्हणजे 'आदाब', आपल्या अदब शब्दाचं अनेकवचन. फुनून म्हणजे चित्र, शिल्प, संगीत, नाटक. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयातून बी.एफ.ए. झालेल्याला 'फुनून जमीला' शोभेल. अर्थशास्त्राच्या बी.ए.ला फुनून लावलं की ती चित्रकार ठरते.

इथे समतुल्य पदनामाचीही मर्यादा सांगायला हवी. अनेक अरब विद्यापीठांत अर्थशास्त्र आदाबमध्ये नसतं, ते वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या विद्याशाखेत असतं. म्हणून काही जण पुढची पायरी चढून पदवीच 'बकालोरियूस इक्तिसाद' करून टाकतात. ते मी करत नाही. कागदावर आर्ट्स छापलंय, ते आदाब म्हणून राहिलंच पाहिजे, आणि पुढे 'तखस्सुस इक्तिसाद', म्हणजे अर्थशास्त्रातलं विशेष शिक्षण, असं जोडायचं. पदवीचं नाव बदलायचा हक्क भाषांतरकाराला नाही. इजिप्तला जायचं असतं तर आदाबच्या पदवीला तिथे रुळलेला 'लिसांस' हा शब्द विचारात घेतला असता. आखातासाठी बकालोरियूसच.

विषयांची नावं, आणि फोटोतलं एक अक्षर

विषयांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त आवडणारं उदाहरण तिच्याच कागदावर होतं. मायक्रोइकॉनॉमिक्स. कॅमेऱ्याने त्याचं 'बारीक अर्थशास्त्र' अशा अर्थाचं काहीतरी केलं होतं. अरबीत त्याला 'इक्तिसाद जुझई' म्हणतात, जुझ म्हणजे अंश. मॅक्रोला 'इक्तिसाद कुल्ली', कुल म्हणजे समग्र. मराठीत आपण दोन्ही वाटा चाललो आहोत : सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र हे शब्दाला शब्द, तर अंशलक्षी आणि समग्रलक्षी हे अगदी अरबीसारखं. अंशलक्षी हा शब्द ज्याने वाचलाय त्याला जुझई का, हे समजावून सांगावं लागत नाही. अरब वाचकासाठी मात्र हा आवडीचा प्रश्न नाही. त्याच्या पाठ्यपुस्तकावर जुझईच छापलेलं असतं, बारीक अर्थशास्त्र नावाचा विषय तो कधी शिकलेला नसतो.

आता फोटोचं. गुणपत्रिका लॅमिनेट केलेली, फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला. मधल्या दोन ओळींवर पांढरा पट्टा पडला होता. कॅमेऱ्याच्या मजकुरात दोन्ही ओळी मायक्रो म्हणून आल्या होत्या. मायक्रो आणि मॅक्रो यांत इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक, दुसरं अक्षर आय की ए. शब्दाला शब्द करणाऱ्याला यात काही खटकत नाही, तो दिसेल ते लिहितो. समतुल्य नाव शोधणारा मात्र थांबतो, कारण एकाच नावाचे दोन विषय आणि कोड वेगवेगळे, हे कसं? मी तिला फोन केला. ती म्हणाली, "काका, एक मायक्रो, एक मॅक्रो. दोन्ही आम्हाला होते." तरी तिच्या सांगण्यावर मी लिहिलं नाही. कागद खिडकीपाशी आडवा ठेवून, फ्लॅश बंद करून, बरोबर वरून दुसरा फोटो काढायला सांगितला. त्यात ए स्वच्छ दिसला. मुळात दिसत नसलेलं अक्षर आठवणीवरून भरायचं नाही, मग आठवण कितीही पक्की असो. फोटो मिळणारच नसेल तर 'अस्पष्ट' असं लिहायचं.

त्याच पानावर वरच्या रकान्यांची दोन नावं होती : कोर्स आणि क्रेडिट्स. कोर्सला कॅमेऱ्याने 'दौरा' दिलं. दौरा म्हणजे चार आठवड्यांचं प्रशिक्षण वगैरे. पदवीतल्या विषयाला 'मुकर्रर' म्हणतात, आपल्या कागदपत्रांतल्या मुक्रर शब्दाचा सख्खा भाऊ. रकान्याच्या डोक्यावर दौरा असेल तर खालचे सगळे विषय किरकोळ वर्ग वाटतात. क्रेडिट्सचं 'इअतिमान' झालं होतं, म्हणजे बँकेची उधारी. विद्यापीठात त्याला 'साआत मुअतमदा' म्हणतात, मान्य तास. विषयांची नावं एक वेळ वाचणारा समजून घेईल, पण रकान्याचं नाव चुकलं की अख्खं पान चुकतं. म्हणून माझा हात आधी रकान्यांकडे जातो.

शब्दाला शब्दच बरं, अशी जागा

एवढं वाचून समतुल्य नावंच सगळीकडे घालावीत असं वाटेल. श्रेणीच्या बाबतीत मी उलट सांगेन. आपल्याकडे 60 टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो. अरब विद्यापीठांच्या श्रेणी मुमताझ, जय्यिद जिद्दन, जय्यिद, मकबूल अशा उतरत्या असतात, आणि मुमताझ साधारण 85-90 टक्क्यांच्या पुढे लागतं. फर्स्ट क्लासचं 'मुमताझ' केलं तर तो खोटेपणा, 'मकबूल' केलं तर मुलीवर अन्याय. तिथे 'दरजा ऊला', पहिला वर्ग, असं शब्दाला शब्द ठेवून टक्के छापलेले असतील तर जसेच्या तसे शेजारी लिहायचे. मुमताझ लिहून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून कागद काढून घ्या.

दहावीच्या प्रमाणपत्राला मात्र दोन्ही तऱ्हा अपुऱ्या पडतात. गोवा बोर्डाच्या सेकंडरी स्कूल सर्टिफिकेटचं शब्दाला शब्द केलं की 'सानविया' येतं, आणि अरब देशांत सानविया आम्मा म्हणजे बारा वर्षांची शाळा संपली. नवऱ्याच्या मजकुरात तेच झालं होतं. त्याने बारावी केलेलीच नाही, आयटीआयला तो दहावीवर गेला. उद्या कोणी बारावीची गुणपत्रिका मागितली तर तो काय दाखवणार? म्हणून 'सफ आशिर', दहावी इयत्ता, हे शब्द स्पष्टपणे घातले.

मग त्यांनी काय करावं

मी त्यांना सांगितलं ते असं. कॅमेऱ्याचा मजकूर स्वतःच्या माहितीपुरता ठेवा. पदवी, विषय आणि रकाने यांना तिथली पदनामं, श्रेणी शब्दाला शब्द, आणि प्रत्येक पदवीच्या व विषयाच्या अरबी नावाशेजारी मूळ नाव इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं, कोडसकट. तपासणारा माणूस मूळ कागद शेजारी ठेवून ओळ ओळ जुळवतो, त्याला ते मूळ नाव लागतं. घरी दहा मिनिटांत तुम्हालाही तपासता येतं : तयार भाषांतरात तिजारा, फुनून, दौरा, इअतिमान हे चार शब्द कुठे आहेत ते अरबी येणाऱ्या कोणाला शोधायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी मुळात काय आहे ते बघा.

फोटोवरून होतो तो कच्चा मसुदा, शिक्का त्यावर बसत नाही. मूळ कागद खरा असल्याचा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का म्हणजे अपोस्टिल. ओमान तो मानतो, सौदीही 7 डिसेंबर 2022 पासून मानतो. अमिरातीत कायदेशीर भाषांतर तिथल्या न्याय मंत्रालयाने परवाना दिलेल्या भाषांतरकाराकडूनच लागतं, तरी आपला तपासलेला मसुदा त्याच्या हातात दिला तर तो मिहनाची तिजारा करत नाही. पदवी तिथल्या पदवीइतकी धरायची की नाही, म्हणजे 'मुआदला', हा निर्णय तिथलं सरकारी खातं घेतं. भाषांतरात त्याबद्दल एक शब्दही नसावा.

नवऱ्याचे कागद आधी गेले. बायकोच्या गुणपत्रिकेचं लॅमिनेशन अपोस्टिलसाठी काढावं लागणार होतं. ते काढताना कोपरा फाटेल या भीतीने तिने विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज केला आहे.