हातातला स्टीमर, नऊ महिन्यांनी: हँगरवर उत्तम, माणसावर नको

लग्नात साड्या नेसवायचं काम मी करते. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होताना राजारामपुरीतल्या एका दुकानातून हातात धरायचा स्टीमर घेतला. १५०० वॅटचा, पाण्याची टाकी साधारण पाव लिटरची. अर्ध्या-पाऊण मिनिटात वाफ येते. हँगरवरच्या जॉर्जेटला आणि कॉटनला एकदम छान. आडवा धरला की मात्र पाण्याचे थेंब थुंकतो, आणि रेशमावर थेंब पडला की डाग राहतो. बोअरचं पाणी भरत होते तेव्हा दोन महिन्यांत नळीत क्षार बसले, वाफेबरोबर पांढरी कणी यायला लागली. आता आरओचं पाणी भरते.

एवढ्यावर चांगला म्हणून मोकळी झाले असते. पण कपडा चुरगळतो तो अंगावरच.

माघातल्या एका लग्नात नवरदेवाचे मामा गाडीतून उतरले, लिननच्या कुर्त्याची पाठ सगळी चुण्यांची. माझ्या मदतनीस पोरीनं उभ्या उभ्याच पाठीवर स्टीमर फिरवला. मामा असे उडाले की फेटा तिरका झाला. खांद्याजवळ रुपयाएवढा लाल चट्टा. वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरायला लावला, फोड आला नाही हे नशीब. स्टीमर कपड्याला टेकलाही नव्हता. वाफ कापडातून आरपार जाते, कातडीवर पाणी होते आणि होताना सगळी उष्णता तिथंच सोडते. वर ते गरम ओलं कापड अंगाला चिकटून बसतं. खोक्यावरच्या सूचनांत हे बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून अंगावरच्या चुण्यांना साधी फवाऱ्याची बाटली. हातभर लांबून बारीक तुषार मारायचा, कापड दमट व्हावं, ओलं नाही. मग ज्याचा कपडा त्यानं वरची कड धरायची, मी खालची ओढून ताठ धरते आणि छोटा पंखा लावते. तीन-चार मिनिटांत सुकतं. सुती आणि लिनन धाग्याची घडी पाण्यानं सैल होते आणि ताणलेल्या अवस्थेत सुकली की तशीच बसते. कडक इस्त्रीसारखं होत नाही, फोटोत दिसणार नाही इतकं होतं. पॉलिस्टरला याचा काही उपयोग नाही, त्याला उष्णताच लागते. ते उतरवूनच करायचं. रेशमावर पाणी मारतच नाही.

पेटीतली खरी कामाची वस्तू फुकटची निघाली: मुदत संपलेलं बँकेचं कार्ड. वैशाखात एका नवरीच्या ब्लाउजची काखेखालची शिवण दोन इंच उसवली, वरात दारात. कार्ड तिनं स्वतःच आत सरकवलं, कापड आणि अंग यांच्या मध्ये. माझी बोटं आत गेली नाहीत आणि सुई कार्डावर अडते, टोचत नाही. ब्लाउजच्या रंगाचा वीतभर दुहेरी दोरा. लांब घेतला की गुंततो. कापडाच्या दोन्ही कडा चिमटीत बाहेर ओढून एक टाका या कडेच्या घडीतून, एक त्या कडेच्या, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. पाच-सहा टाके झाले की दोरा ओढला, कडा मिटल्या. सुई कापडाला जवळजवळ आडवी आणि टोक कायम अंगापासून दूर. दोरा बोथट टोकाच्या कात्रीनं कापला. नवरीची आत्या म्हणाली, अंगावर शिवू नये, मग नवरीच्या तोंडात साखरेचा दाणा दिला. तेवढ्यात काम झालं होतं. एक मर्यादा सांगते: शिवण उसवली असेल तरच हे करा. कापडच फाटलं असेल, तर टाका ताण पडला की आणखी फाडतो. तिथं आतून पिन आणि वरून पदर.

डागालाही तेच कार्ड. तांबड्या रश्श्याचा कट पांढऱ्या शर्टावर सांडला तर कार्ड आत, म्हणजे तेल बनियनला लागत नाही. घासायचं नाही, टिश्यू फक्त दाबायचा. मग टाल्कम पावडर टाकून पंधरा मिनिटं थांबायचं आणि झटकायचं; तेल बरंच उतरतं, पिवळा रंग राहतो. तिथं साबण लावू नका. हळद साबणानं लाल होते आणि डाग दुप्पट दिसतो. घरी गेल्यावर धुवायचं, उन्हात वाळवलं की उरलेला पिवळेपणा फिका पडतो.

स्टीमर आता नवरीच्या खोलीत, प्लगजवळच्या खिळ्याला हँगर अडकवलेला असतो तिथंच राहतो. हॉलमध्ये फिरताना खांद्यावरच्या पिशवीत बाटली, पंखा, कार्ड, सुई-दोरा आणि कात्री.