डबा की शिवणदुरुस्ती? चाळिशीनंतर घरून धंदा सुरू करताना

पंधरा-वीस वर्षांच्या खंडानंतर घरातून काही सुरू करायचं म्हटलं की फोंडा-म्हापशाकडच्या बायकांपुढे बहुतेक वेळा दोनच वाटा येतात. एक म्हणजे ऑफिसवाल्यांना दुपारचा डबा. दुसरी, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं शिवणयंत्र बाहेर काढून फॉल-बीडिंग आणि कपड्यांची दुरुस्ती. मी या दोन्हींचा विचार करून शिवणाकडे वळले, त्यामुळे माझं झुकतं माप तिकडेच आहे हे आधीच सांगते. डबा वाईट असं मी म्हणणार नाही. पण हात गंजलेला आणि मन धास्तावलेलं असताना दोन्हींतला फरक मोठा असतो.

डब्याची जमेची बाजू उघड आहे. रांधायचा हात गंजलेला नसतो. चार माणसांचं रांधणं आणि बारा जणांचं रांधणं मात्र वेगळं. हुमणाचं वाटण तिप्पट केलं तर मिरची आणि तिरफळंही तिप्पट घालून चालत नाही, आधी दुप्पट घालून चव बघत वाढवावं लागतं. उकडे तांदूळ मोठ्या भांड्यात वरून शिजल्यासारखे वाटतात आणि मधे कच्चे राहतात. नारळाच्या रसाची सोलकढी गरम भाताशेजारी डब्यात गेली की दुपारपर्यंत बिघडू शकते, म्हणून डब्यात फुटी कढीच बरी. सोमवारी आणि गुरुवारी निम्मे लोक शिवराक मागतात, उरलेल्यांना नुस्तं हवंच असतं, म्हणजे त्या दिवशी दोन स्वयंपाक. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बांगड्याचा दर चढतो, डब्याचा दर मात्र चढवता येत नाही.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. खाण्याचा धंदा आहे म्हणून foscos.fssai.gov.in वर नोंदणी करायची. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी नसतो, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. हा खर्च पहिल्याच हिशेबात धरा.

माझ्यासाठी निकाल लावला तो सकाळी दहाच्या निरोपाने: "आज डबा नको गे." तांदूळ शिजलेले असतात, मासळी तव्यावर असते. हिशेब करून बघा. समजा डबा १०० रुपयांचा, सामान आणि गॅस ६० रुपये, पोचवणं १० रुपये. बारा डबे गेले तर हाती ३६० रुपये राहतात. दोघांनी ऐन वेळी नको म्हटलं तर येतात १००० रुपये, त्यातून बारा जणांच्या सामानाचे ७२० आणि दहा डबे पोचवायचे १०० गेले की उरतात १८०. दोन निरोपांनी दिवसाची निम्मी कमाई जाते. यावर उपाय आहे: महिन्याचे पैसे आगाऊ, आणि नको असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचं. पण पहिली गिऱ्हाइकं ओळखीतली असतात, शेजारच्या वहिनी, नवऱ्याचे सहकारी. ज्या बाईला स्वतःच्या कामाचे पैसे मागायलाच अवघड वाटतं, तिच्याकडून हा नियम पहिल्या महिन्यात पाळला जाईल असं मला तरी वाटत नाही.

शिवणात चूक उसवता येते. म्हणूनच मी दुरुस्ती म्हणते, नवं ब्लाऊज नव्हे. लोकांच्या कापडावर कात्री चालवायची वेळ पहिले सहा महिने येऊ देऊ नका. उसवलेली शिवण परत घालता येते, कापलेलं कापड जोडता येत नाही.

यंत्र बरीच वर्षं बंद असेल तर आपल्याकडच्या दमट हवेत सुई हमखास गंजते. ती आधी बदला, नाहीतर पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपके येतात. बॉबिन केस काढून दातांमधला कचरा ब्रशने झाडा, तेलाचे थेंब सोडा आणि अर्धा तास जुन्या चादरीवर नुसतं चालवा, म्हणजे जादा तेल तिथेच निघतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी आली की बहुतेकजणी बॉबिनचा स्क्रू पिळतात. दोष सहसा वरच्या दोऱ्यात असतो. दोरा काढून, दाबपट्टी वर उचलून पुन्हा ओवा. रेशमी, सिंथेटिक कापडाला ११ नंबरची सुई, सुतीला १४, जीन्सला १६.

पहिला महिना फक्त साडीला फॉल लावा. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा काठ गोळा होतो; शिवाय रंग जाणारा फॉल भिजवतानाच ओळखू येतो. पदराच्या उलट टोकाकडून, खोचायचा भाग सहा-आठ इंच सोडून सुरुवात करा. फॉल ताणून धरू नका, साडीवर सैल पडू द्या.

हात बसला की ब्लाऊज सैल करणं घ्या. आमच्या वयाच्या बायकांचं ते नेहमीचं काम. समजा छाती दोन इंच वाढवायची आहे. बाजूच्या शिवणी दोन, म्हणजे प्रत्येक शिवणीतून एक इंच, आणि पुढच्या-मागच्या कापडातून अर्धा-अर्धा इंच. आत एक इंच माया असेल तर अर्धा इंच सोडूनही शिवणीपुरतं कापड उरतं. अर्धाच इंच असेल तर काम घेऊ नका. बाजूची शिवण काखेतून बाहीत जाते, म्हणून बाहीची शिवणही उसवावी लागते; ती तशीच ठेवली तर काखेत चुण्या पडतात. नवी शिवण आधी घालून घ्या, जुनी नंतर उसवा, म्हणजे माप हलत नाही. रेशमी ब्लाऊज घेण्यापूर्वी आतली माया उजेडात धरून गिऱ्हाइकाला दाखवा. जुन्या सुईची भोकं आणि न विटलेल्या कापडाची गडद पट्टी बाहेर दिसणार असते. हे आधी सांगितलं तर तो सल्ला, नंतर सांगितलं तर ती सबब.

कटकट इथेही आहे. लोक कपडे टाकून जातात आणि महिनाभर न्यायला येत नाहीत, पावसात तर त्यांना कुबट वास सुटतो. निम्मे पैसे आधी घ्यायचे, तारीख आणि माप लिहिलेली चिठ्ठी कपड्याला टाचणीने लावायची. चवथीच्या आधी पंधरवडाभर काम अंगावर येतं, तेव्हा तारीख लांबची द्यायची. पण तारीख आपण ठरवतो. एखाद्या दिवशी पाठ धरली तर यंत्र बंद ठेवता येतं, कुणाचं दुपारचं जेवण अडत नाही.

तरीही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मोठं ऑफिस असेल, डबे पोचवायला घरात कुणीतरी असेल आणि पैशांचं बोलणंही तेच सांभाळत असेल, तर डब्यात रोजचा पैसा लवकर दिसतो. त्या घरात मी शिवणाचा आग्रह धरणार नाही. फक्त सहा डब्यांनी सुरू करा आणि पहिले दोन आठवडे शिवराकच ठेवा.