देवगडच्या झडपेसाठी कोणता ड्रायव्हर? L298N की TB6612FNG

देवगडला मावसभावाच्या आंबा पिकवायच्या खोलीला हवा खेळण्यासाठी एक छोटी झडप आहे. ती हळू उघडावी आणि बंद होताना आपटू नये, एवढीच त्याची मागणी. मोटर ६ व्होल्टची, गिअर लावलेली. मोटर दोन्ही दिशांना फिरवायची म्हणजे एच-ब्रिज आला आणि वेग कमी-जास्त करायचा म्हणजे पीडब्ल्यूएम, पुरवठा भराभर चालू-बंद करणं. आता प्रश्न उरतो बोर्ड कोणता घ्यायचा. दुकानात L298N सहज मिळतो, म्हणून बहुतेक जण तोच उचलतात. या कामासाठी माझं मत TB6612FNG च्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण आकड्यांत सांगता येतं.

L298N मध्ये साधे ट्रान्झिस्टर आहेत. करंट वरच्या आणि खालच्या अशा दोन ट्रान्झिस्टरांतून जातो आणि दोघे मिळून ३०० मिलिअँपिअरलाही पावणेदोन ते दोन व्होल्ट खातात. सहा दिले तर मोटरला मिळतात चारच. TB6612FNG मध्ये मॉस्फेट आहेत. दोघांचा मिळून रोध साधारण अर्धा ओहम, म्हणजे तेवढ्याच करंटला ०.१५ व्होल्टची तूट.

आता ड्यूटी सायकल, म्हणजे पल्स चालू असण्याचा वाटा, ५० टक्के धरा. सरासरी व्होल्टेज म्हणजे पुरवठ्याच्या निम्मं, असं पुस्तकात असतं. TB6612FNG वर ३ मधून ०.१५ गेले, २.८५ व्होल्ट उरले. आमच्या मोटरची गुंडाळी ६ ओहमची आहे, म्हणजे झडपेचा भार ओढताना त्याच ३०० मिलिअँपिअरला १.८ व्होल्ट गुंडाळीतच जातात. उरलेले १.०५ व्होल्ट वेगाच्या वाट्याला येतात. पूर्ण ड्यूटीला हाच हिशेब ४.०५ येतो. म्हणजे निम्म्या ड्यूटीला वेग निम्मा होत नाही, जेमतेम पाव होतो. L298N वर चारचे निम्मे दोन. त्यातून १.८ गेले आणि करंट विझताना डायोड आणखी थोडं घेतो. झडप जागची हलत नाही, मोटर नुसती गुणगुणते. अशी गुणगुण ऐकू आली आणि चिप गरम लागली, तर दोष मोटरचा नसून व्होल्ट कमी पडताहेत असं समजा.

दुसरा फरक पल्स बंद असतानाचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. L298N च्या चालू-बंद करणाऱ्या EN पिनवर पीडब्ल्यूएम दिला की बंद काळात चारही ट्रान्झिस्टर सुटतात. करंट डायोडांतून उलट पुरवठ्याकडे जाऊन झटकन मरतो आणि मोटर मोकळी फिरत राहते. या मोकळ्या काळात मोटरच्या टोकांवर तिचं स्वतःचंच व्होल्टेज दिसतं, त्यामुळे ‘ड्यूटी गुणिले पुरवठा’ हा नियम तिथे टिकत नाही. बिनभाराची मोटर अपेक्षेपेक्षा वेगात पळते आणि भार आला की एकदम बसते. TB6612FNG चा PWM पिन खाली गेला की मोटरची दोन्ही टोकं जमिनीला जोडली जातात. करंट आतल्या आतच फिरतो, हळू उतरतो, आणि सरासरीचा हिशेब खरा ठरतो. झडपेवर भार असो की नसो, वेग L298N च्या मानाने कमी ढळतो. L298N असलाच हाताशी, तर EN पिन कायम हाय ठेवून पीडब्ल्यूएम दिशेच्या IN1 पिनला द्या आणि IN2 लो ठेवा. असाच फायदा होतो, फक्त व्होल्टची तूट तशीच राहते.

अर्डुइनो ऊनोवरचं `analogWrite` नवव्या पिनवर सुमारे ४९० हर्ट्झ देतं. आमच्या मोटरची गुंडाळी दीड मिलिहेन्रीची, म्हणजे करंट उतरायला लागणारा काळ पाव मिलिसेकंद. ४९० हर्ट्झला बंद काळ एक मिलिसेकंदाचा, त्यात करंट जवळपास शून्यावर येतो आणि मोटर चिरकते. २० किलोहर्ट्झवर करंट सपाट राहतो आणि आवाजही कानाला लागत नाही:

```
pinMode(9, OUTPUT);
TCCR1A = _BV(COM1A1) | _BV(WGM11);
TCCR1B = _BV(WGM13) | _BV(WGM12) | _BV(CS10);
ICR1 = 799;   // 20 kHz
OCR1A = 400;  // 50%
```

L298N कुठे घ्यावा? होडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर पंप किंवा मोठी मोटर चालवायची असेल तर. चार्जिंगला ही बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि TB6612FNG साठी शिफारस केलेली मर्यादा १३.५ आहे, तिथे तो वापरू नका. सरासरी १.२ अँपिअरपेक्षा जास्त करंट लागणाऱ्या मोटरलाही तो पुरत नाही. मोटर अडकली की किती करंट घेते ते आधी पाहा: पुरवठा भागिले गुंडाळीचा रोध. आमच्या मोटरचा एक अँपिअर येतो, म्हणून चालतं.

किनाऱ्यावर खारी हवा पिनांवर हिरवट थर चढवते. तिथे जोडाचा रोध अर्ध्या ओहमवर गेला, तर मॉस्फेटमध्ये होते तेवढीच तूट जोडातही होते. म्हणून तारा खोचून न ठेवता डाग देऊन बसवा आणि बोर्डावर वॉर्निशचा एक हात फिरवा.