अवजारपेटीचा फोटो: कोणता पाना, कोणती पक्कड, कोणता पुलर आणि कोणता क्लँप

जुनी अवजारपेटी घ्यायची असेल, तर बहुतेक वेळा निर्णय एका फोटोवरूनच करावा लागतो. माझ्यासमोर एकदा असे दोन फोटो होते. पहिल्या पेटीत थोडी पण 'सगळ्याला चालणारी' अवजारे होती: दोन स्क्रू पाने, एक वॉटर पंप प्लायर, एक ग्रिप प्लायर आणि दोन सी-क्लँप. दुसऱ्या पेटीत ८ पासून १९ नंबरपर्यंतचे फिक्स पाने, एक साधी पक्कड, तीन पायांचा पुलर आणि एकच क्लँप होता. दोन्ही प्रकारची अवजारे मी वापरलेली आहेत आणि माझा कल शेवटी दुसऱ्या पेटीकडे गेला. तो का गेला, हे सांगण्याआधी फोटोत काय पाहावे, ते सांगणे भाग आहे, कारण आकारावरून ओळखायला गेल्यास चूक होते.

पाना आणि पक्कड वेगळी करताना मी आधी जबडा पाहतो. पान्याच्या जबड्याच्या आतल्या बाजू गुळगुळीत आणि एकमेकींना समांतर असतात, कारण त्या नटाच्या सपाट बाजूंवर टेकायच्या असतात. पकडीच्या जबड्याला दाते असतात, कारण तिथे हाताच्या दाबानेच वस्तू धरून ठेवायची असते. रिंग पान्याच्या आतले कोपरे लांबून दात्यांसारखे दिसतात, परंतु ते पूर्ण वर्तुळात असतात, त्यामुळे जरा मोठे करून पाहिले की शंका राहत नाही. खरा घोळ होतो तो स्क्रू पाना आणि मिटलेला वॉटर पंप प्लायर यांच्यात. दोघांचे डोके तिरके असते, दोघांचा जबडा कमीजास्त होतो आणि प्लायरचा एक दांडा दुसऱ्याखाली झाकला गेला तर फोटोत एकच दांडा दिसतो. अशा वेळी जबड्याखाली बोटाने फिरवायची छोटी आटेदार चकरी दिसते का, ते पाहावे. ती असेल तर तो स्क्रू पाना होय. तिच्याऐवजी खाचांची रांग आणि बिजागरीची खीळ दिसली, तर तो प्लायर आहे.

क्लँप आणि पुलर यांची गफलत अधिक महाग पडते. दोघांनाही लांब आटेदार स्क्रू असतो, दोघांनाही पुढे आलेले हात असतात, आणि पेटीत आडवा पडलेला दोन पायांचा पुलर सी-क्लँपसारखाच दिसतो. मी स्क्रूच्या टोकाकडे पाहतो. क्लँपच्या स्क्रूला टोकाशी हलणारी गोल चकती असते आणि तिच्या समोर सपाट ठोकळा असतो. दोघांच्या मध्ये वस्तू दाबून ती जागची हलू नये, एवढेच त्याचे काम. पुलरच्या स्क्रूचे टोक निमुळते असते आणि पायांची टोके आत वळलेल्या आकड्यांसारखी असतात. स्क्रू एका भागावर रेटतो, आकडे दुसऱ्या भागाला ओढतात आणि दोन भाग एकमेकांपासून सुटतात. म्हणजे क्लँप जोडून ठेवण्यासाठी असतो, पुलर उतरवण्यासाठी.

ग्रिप प्लायर या दोन्ही जोड्यांच्या मधला आहे. त्याला पकडीसारखे दोन दांडे असतात, पण एका दांड्याच्या शेवटी फिरवायचा स्क्रू आणि दुसऱ्याच्या आत सोडवण्याचा छोटा खटका असतो. त्याचा जबडा सी-आकाराचा असेल, तर त्याला क्लँपच म्हणावे, इतके त्याचे काम क्लँपशी जुळते.

आता माझ्या निर्णयाचे कारण. पट्ट्यावर चालणाऱ्या मोटरची पुली बदलायची होती. मोटर पायावर चार एम-८ बोल्टने बसवलेली होती. त्यांच्या नटांना १३ नंबरचा पाना लागतो आणि मागचे दोन नट मोटरच्या अंगाखाली, जेमतेम हात जाईल अशा जागी होते. तेव्हा माझ्याजवळ पहिल्या पेटीसारखीच अवजारे होती. स्क्रू पाना नटावर घट्ट बसवावा, थोडा फिरवावा, काढावा आणि पुन्हा बसवावा, तर प्रत्येक वेळी ती चकरी केसभर सैल झालेली असे. दिसायला तो फरक काहीच नव्हता, पण तेवढ्या सैलपणात जबडा नटाच्या सपाट बाजूवर न टेकता कोपऱ्यावर टेकू लागला. तिसऱ्या की चौथ्या वळणाला नटाचे कोपरे गोल झाले. मग वॉटर पंप प्लायर लावला, तर त्याच्या दात्यांनी उरलेले कोपरेही खरवडले. शेवटी तो नट कापून काढावा लागला. स्क्रू पाना वापरताना स्थिर जबड्यावर जोर यावा, अशा दिशेने ओढावा, हे मला माहीत होते आणि एरवी मी तसेच करतो. पण त्या अडचणीच्या जागी पाना उलटा धरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१३ नंबरच्या फिक्स पान्याने उरलेले तीन नट शांतपणे निघाले. त्याचे उघडे तोंड दांड्याशी साधारण १५ अंश तिरके असते, त्यामुळे दर वेळी पाना पालथा करून लावला की ३० अंश फिरण्याइतकीच जागा पुरते. फोटोत हा तिरकेपणा स्पष्ट दिसतो आणि दांड्यावर कोरलेला आकडाही बहुधा वाचता येतो. तो आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये.

पुली उतरवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पुलर नव्हता म्हणून मी आधी सी-क्लँप उलट वापरून पाहिला. त्याला एकाच बाजूने हात असल्यामुळे पुली तिरकी होऊन शाफ्टवर अधिकच अडकली. नंतर तीन पायांचा पुलर उसना आणला. पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारा छोटा ग्रब स्क्रू आधी काढला. त्याच भोकात खाली दुसरा ग्रब स्क्रू दडलेला असू शकतो, म्हणून तेही पाहिले. आकडे पुलीच्या कडेला न लावता मधल्या जाड भागामागे लावले, कारण बिडाच्या पुलीची कड ओढताना तुटू शकते. स्क्रूचे टोक शाफ्टच्या मधल्या खळग्यात बसवून तो हाताने ताणला, मग पान्याने पाव-पाव वळण दिले. पाना जड होत जातो, आकडे बाहेर फाकू लागतात आणि पुली मात्र हलत नाही, असे दिसले तर थांबावे. मला तेवढे करावे लागले नाही. ताण आल्यावर स्क्रूच्या डोक्यावर हलकी हातोडी मारताच पुली सरकली.

मुख्यतः नळाचे, पाइपाचे काम करणाऱ्याला पहिली पेटी अधिक सोयीची वाटेल आणि त्याचे म्हणणे मी खोडून काढणार नाही; गोल पाइपावर फिक्स पान्याचा काही उपयोग नसतो. परंतु नट-बोल्ट, मोटर, पुली, बेअरिंग हे काम असेल, तर मी दुसरीच पेटी घेईन. घेण्याआधी दोन जवळचे फोटो मात्र जरूर मागवावेत: एक १० आणि १३ नंबरच्या पान्यांच्या तोंडांचा, कारण तीच तोंडे सर्वांत आधी फाकतात असा माझा अनुभव आहे, आणि दुसरा पुलरच्या स्क्रूच्या टोकाचा, कारण ते टोक दबून बोथट झालेले असले तर ते खळग्यात ठरत नाही आणि पुलर ओढताना बाजूला घसरतो.